नॉमिनी दीर असेल तर एफडीचे पैसे कोणाचे?

> मिस्टर मार्चमध्ये गेले. १२ लाखांच्या एफडीवर लग्नाआधीपासून दिरांचं नाव नॉमिनी आहे. बँक म्हणते पैसे त्यांनाच देणार. मी, मुलगी आणि सासूबाई आहोत. मृत्युपत्र नाही.

ताई, बँक बरोबर सांगतेय. पण पैसे दिरांच्या हातात येणं वेगळं आणि त्यांचे होणं वेगळं. बँक नियमन कायद्याच्या कलम ४५झेडए नुसार नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते. वारसांचा हक्क मात्र तसाच राहतो. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुम्ही तिघी पहिल्या वर्गातल्या वारस, म्हणजे प्रत्येकी ४ लाख. दिरांचा वाटा शून्य.

ते राजी असतील तर पैसे जमा झाल्यावर तिघींच्या खात्यात चेकनेच वळते करून घ्या, आणि लेखी पोच ठेवा. मुलगी अल्पवयीन असेल तर तिचा वाटा तिच्या नावावरच ठेवा. कुरबुर दिसली तर बँकेला नुसतं हरकतीचं पत्र देऊन भागत नाही, कारण बँकेला कोर्टाचा आदेशच बांधतो. पैसे निघण्याआधी पुण्यातल्या शिवाजीनगरच्या दिवाणी कोर्टातून मनाई मागावी लागेल. नंतर वसुलीचा दावा लावता येतो, पण तोवर पैसे खर्च झालेले असतात.

स्वतःच्या खात्यांवरचं नॉमिनेशनही तपासा. लग्नानंतर ते आपोआप बदलत नाही. बँकेत नॉमिनेशन बदलण्याचा फॉर्म भरावा लागतो.