मदत हवी आहे: निकालाचा सारांश मूळ निकालाशी कसा ताडून बघायचा? (उद्या द्यायचाय)

कडक_भाकरी (सोलापूर)
लोकहो, अर्जंट आहे. चार पानी सारांश माझ्याकडे आलाय, मूळ मजकूर शंभराच्या वर पानांचा आहे. उद्या सकाळी अकराच्या आत सरांच्या टेबलावर पाहिजे. वाचायला एकदम गुळगुळीत आहे, पण मागच्या खेपेला अशाच एका सारांशात सरांनी चुकीची तारीख पकडली आणि पक्षकारांसमोर माझी काढली. ह्या वेळी चुका मला आधी सापडल्या पाहिजेत. सगळं पहिल्यापासून वाचत बसायला वेळ नाही. पद्धत सांगा.

नवी_पेठ
कशाचा सारांश? कोणत्या कोर्टाचा निकाल? मराठीत आहे की इंग्रजीत? आणि काढला कुणी? एवढं गाळल्यावर काय सांगणार, कप्पाळ!

शेंगा_चटणी
सारांश काढताना आधी प्रत्येक परिच्छेदातलं मुख्य वाक्य अधोरेखित करा. मग ती वाक्यं स्वतःच्या शब्दांत लिहा. एक तृतीयांशाच्या वर जाऊ नये. शाळेत आम्हाला असंच शिकवलंय.

कडक_भाकरी
@शेंगा_चटणी काढायचा नाहीये हो, काढलेला तपासायचाय.
@नवी_पेठ सॉरी. विनिता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, सुप्रीम कोर्ट, ११ ऑगस्ट २०२०. मुलींच्या वडिलोपार्जित हक्काचा. निकाल इंग्रजीत, सारांश मराठीत. आमच्याकडे येणाऱ्या लॉच्या मुलाने काढलाय. कसा काढलास विचारलं तर "वाचून" म्हणतो आणि मोबाईलकडे बघतो.

पार्क_चौक
सोप्पं आहे. सारांशातल्या सगळ्या तारखा, आकडे, नावं यांना गोल करा. PDF उघडा, एकेक शोधा. सापडलं तर बरोबर, नाही सापडलं तर खोटं. अर्ध्या तासाचं काम. आम्ही ऑडिटला असंच करतो.

जुनी_सनद
सापडलं म्हणजे बरोबर, हे मला मान्य नाही. पण आधी सारांशातली चार-पाच वाक्यं इथे टाका, मग बोलू. जी वाचताना सगळ्यात ठाम वाटतात ती टाका.

कडक_भाकरी
घ्या, जशीच्या तशी:
(अ) वडील २० डिसेंबर २००४ रोजी हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही.
(आ) हा हक्क हयात कोपार्सनरच्या हयात मुलींना मिळतो, असे कोर्टाने म्हटले.
(इ) तोंडी वाटणी यापुढे कोणत्याही परिस्थितीत ग्राह्य धरली जाणार नाही.
(ई) सर्व प्रलंबित दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचा आदेश दिला.
(उ) दनम्मा निकाल रद्द ठरवला.
(ऊ) विनिता यांना वडिलांच्या मालमत्तेत हिस्सा मंजूर केला.

पार्क_चौक
(अ) मधली तारीख निकालात आहे. आत्ताच शोधली. म्हणजे (अ) ओके.

जुनी_सनद
तारीख आहे हो, पण ती वडिलांच्या हयातीची नाही. निकालात दोन तारखा शेजारी-शेजारी फिरतात. ९ सप्टेंबर २००५ ला दुरुस्ती अंमलात आली आणि वडील त्या दिवशी हयात असायला हवेत का, हा वाद होता. कोर्ट म्हणालं, गरज नाही, कारण हक्क जन्माने येतो. २० डिसेंबर २००४ ची तारीख वेगळ्या कामाची आहे. तिच्या आधी झालेली विक्री, वाटणी किंवा मृत्युपत्र मोडलं जात नाही. तुमच्या पोराने एका तारखेचं काम दुसरीला लावलं. तुमची शोध-पद्धत दोन्हीला पास करते, कारण दोन्ही आकडे PDF मध्ये आहेतच. आकडा सापडला की थांबायचं नाही, त्या आकड्याला निकालात क्रियापद कुठलं लागलंय ते बघायचं.

उलटंही होतं. आकडा खरा असून सापडत नाही. निकालात तीच तारीख कुठे `9.9.2005` अशी आहे, तर दुसरी `20th day of December, 2004` अशी अक्षरांत आहे. मराठी अंकांत शोधलंत तर काहीच येणार नाही. तेव्हा "सापडलं नाही" म्हणून लगेच त्या पोराला खोटारडा ठरवू नका, नुसतं साल टाकून परत शोधा.

बार्शीकर
एवढा उपद्व्याप कशाला? रिपोर्टरमधली हेडनोट घ्या आणि सारांश तिच्याशी लावून बघा. दहा मिनिटं.

जुनी_सनद
हेडनोट रिपोर्टरच्या संपादकाने लिहिलेली असते, ती निकालाचा भाग नाही. एका सारांशाने दुसरा सारांश तपासल्यासारखं होईल. दोघांनी एकच गोष्ट गाळली असेल तर कळणारच नाही. आणि परिच्छेद क्रमांकाचा घोळ वेगळाच. कोर्टाच्या साईटवरच्या प्रतीत अंतिम उत्तर परिच्छेद १२९ मध्ये आहे, एससीसीत तेच १३७ ला आहे. सारांशात क्रमांक लिहाल तर कुठल्या प्रतीतला ते वर लिहा, नाहीतर सर १२९ उघडतील आणि परत तुमची काढतील.

बार्शीकर
पंचवीस वर्षं हेडनोटवर प्रॅक्टिस चालली आमची, कुणी फाशी नाही दिलं.

अक्कलकोटची_लेक
माफ करा, मध्येच विचारते. माझं लग्न १९९१ ला झालं, वडील १९९८ ला वारले. भाऊ म्हणतो तोंडी वाटणी झाली होती, सातबाऱ्यावर तिघा भावांचीच नावं आहेत. वरचं (इ) वाचलं. म्हणजे तोंडी वाटणी चालतच नाही ना? मी जिंकले ना?

नवी_पेठ
ताई, लग्न २२ जून १९९४ च्या आधीचं असेल तर महाराष्ट्राच्या दुरुस्तीत हक्क नव्हता. विषय संपला.

जुनी_सनद
@नवी_पेठ ती १९९४ ची राज्य दुरुस्ती, त्यात तुमचं बरोबर. पण २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत लग्नाची अट नाही. विषय संपला नाही.
@अक्कलकोटची_लेक ताई, तुम्ही आत्ता जे केलंत तेच ह्या सारांशाचं दुखणं आहे. (इ) मधलं "कोणत्याही परिस्थितीत" निकालात नाही. कोर्टाने आधी नाही म्हटलंय आणि पुढचं वाक्य `However` ने सुरू केलंय. अपवादात्मक प्रकरणात, तोंडी वाटणीला सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असेल आणि ती कोर्टाच्या हुकूमनाम्याने झाल्यासारखी शेवटी दिसून येत असेल, तर ती मान्य होऊ शकते. नुसत्या तोंडी पुराव्यावर मात्र साफ नाही. तुमच्या भावाकडे काय कागद आहेत आणि कधीचे, ते बघितल्याशिवाय तुम्ही जिंकलात किंवा हरलात असं कुणी सांगू नये, मीही नाही. कागद घेऊन वकिलाकडे जा.

बार्शीकर
२००४ च्या आधीचा फेरफार असेल तर झालं की. फेरफार सार्वजनिक दस्तऐवजच आहे.

जुनी_सनद
फेरफार महसुलासाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही, हे तुम्हीही कोर्टात शंभरदा ऐकलंय. नुसता फेरफार पुरतो असं ह्या निकालात लिहिलेलं नाही, आणि कधीच पुरणार नाही असंही नाही. सारांशात यातलं काहीच घुसडू नका.

कडक_भाकरी
अहो माझं राहिलं. (आ) चं काय? ते वाक्य तर निकालात शब्दशः आहे, मी स्वतः बघितलं.

जुनी_सनद
सगळ्यात धोक्याचं तेच आहे. शब्दशः आहे, पण ते बोलणं ह्या कोर्टाचं नाही. ते प्रकाश विरुद्ध फुलवती ह्या आधीच्या निकालातलं आहे. कोर्टाने ते उतरवून घेतलंय, चर्चा केलीय आणि शेवटी तो निकाल फिरवलाय. म्हणजे सारांशाने कोर्टाच्या तोंडी नेमकं उलटं घातलं. तुमच्या (अ) आणि (आ) मध्येच भांडण आहे बघा. वडील नसले तरी चालतं असंही म्हणता आणि हयात कोपार्सनरच हवा असंही म्हणता.

यावर माझी सवय सांगतो. मूळ निकालाची प्रिंट घ्या आणि समासात पेन्सिलने अक्षर टाकत जा. परिच्छेद वकिलाच्या युक्तिवादाचा असेल तर "व", जुन्या निकालाचा उतारा असेल तर "जु", कोर्टाचं स्वतःचं म्हणणं असेल तर "को". यासाठी सगळं बारकाईने वाचावं लागत नाही, परिच्छेदाची पहिली ओळ आणि अवतरणचिन्हं बघितली तरी बहुतेकदा कळतं. मग सारांशाच्या प्रत्येक वाक्यापुढे परिच्छेद क्रमांक आणि ते अक्षर लिहा. "कोर्टाने म्हटले" च्या पुढे "व" किंवा "जु" आलं की ते वाक्य पकडलं. क्रमांकच मिळत नसेल तर वाक्य खोडा, कितीही छान असलं तरी.

पार्क_चौक
शंभर पानं पेन्सिल फिरवायची? हा म्हणतोय वेळ नाही.

जुनी_सनद
दोन-अडीच तास. सरांसमोर उभं राहण्यापेक्षा कमी त्रास.

कडक_भाकरी
(रात्री ११:४०) लाईट तासभर गेली होती, बॅटरीवर केलं. हिशेब असा. सारांशात ४६ वाक्यं होती. ३७ ला क्रमांक मिळाला आणि अक्षर "को". पाच वाक्यं "जु" किंवा "व" निघाली आणि सगळ्यांपुढे "कोर्टाने म्हटले" होतं. चार कुठेच सापडली नाहीत.

(ई) सापडलं. पण आदेश नाहीये, `request` आहे, आणि त्यात `as far as possible` आहे. (उ) पण अर्धवट. फुलवती आणि मंगम्मल फिरवलेत, दनम्मा मात्र जेवढा विसंगत आहे तेवढाच. (ऊ) मिळालंच नाही.

जुनी_सनद
मिळणार नाही. मोठ्या पीठाकडे फक्त कायद्याचा प्रश्न आला होता. त्याचं उत्तर देऊन मूळ प्रकरणं गुणदोषांवर ठरवायला योग्य पीठाकडे पाठवली. शेवटची ओळ वाचा. ह्या कागदात कुणालाच हिस्सा मिळालेला नाही.
आता एकदा उलटा प्रवास करा. परिच्छेद १२९ मध्ये पाच उत्तरं आहेत. पाचही सारांशात आली आहेत का? आतापर्यंत तुम्ही जास्तीचं काय घुसलंय ते बघितलं, गळलेलं काय ते नाही बघितलं.

कडक_भाकरी
चौथं नाही! त्या काल्पनिक वाटणीचं. कायद्याने गृहीत धरलेली वाटणी म्हणजे प्रत्यक्ष वाटणी नव्हे, आणि प्राथमिक हुकूमनामा झालेला असला तरी अंतिम हुकूमनाम्याचं काम किंवा अपील चालू असेल तर मुलीला समान हिस्सा, ते. पोराने ह्याऐवजी लिहिलंय की "जुने सर्व दावे पुन्हा उघडता येतील". न सापडलेल्या चारातलं एक हेच.

बार्शीकर
आमच्याकडे एक पक्षकार नेमकं हेच वाक्य घेऊन आलेला गेल्या महिन्यात. कुठून आणतात कोण जाणे.

कडक_भाकरी
पोराला फोन केला. म्हणाला चार वाक्यं एका व्हिडिओतून घेतली, बाकी खरंच वाचलंय. ३७ बघून मला तरी खरं वाटतंय.
एकच अडलंय. तोंडी वाटणीच्या वाक्यात "सार्वजनिक दस्तऐवज" च्या पुढे "उदा. फेरफार" ठेवू का काढू? सर नेमके फेरफारवालेच आहेत, उद्याच्या मॅटरमध्ये आपला माणूस भाऊ आहे.

बार्शीकर
ठेव.

जुनी_सनद
काढा. युक्तिवाद करायचा तर सर करतील, सारांशात नको.

शेंगा_चटणी
४६ वाक्यं म्हणजे जरा जास्तच झाली ना पण?