प्रतिसाद: सगळंच पूर्वकर्माचं नसतं

"निरपराध माणसाला दुःख का भोगावं लागतं याला कर्मसिद्धांताशिवाय भारतीय विचारात दुसरं उत्तरच नाही."

हे पटत नाही, दुसरं उत्तर आहे आणि तेही कर्म मानणाऱ्याकडूनच आलेलं. संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना नेमकं हेच विचारतो, की माणसाच्या वाट्याला येणारं सुखदुःख सगळं पूर्वकर्मामुळेच येतं असं काही जण म्हणतात, तुमचं काय म्हणणं? त्यावर बुद्ध आठ कारणं सांगतात. पित्त, कफ, वात, तिन्ही एकत्र बिघडणं, ऋतूतला बदल, शरीराची हेळसांड, अचानक झालेला आघात, आणि आठवं कर्मफळ. म्हणजे कर्म आहेच, पण आठातलं एक, आणि सगळं कर्मावर टाकणारे अनुभवाच्या आणि लोकांना जे खरं म्हणून माहीत आहे त्याच्याही पलीकडचं बोलतात असं ते स्पष्ट म्हणतात.

आता ही चर्चा मुख्यतः शारीरिक वेदनेची आहे, पिकाच्या नुकसानीची नाही, हे मान्य. तरी मला ती आमच्या रावेरकडे फार लागू वाटते. मे-जूनच्या वादळात घडावर आलेली केळी बुंध्यातून मोडून आडवी होते, शेजारची बाग गिरणीच्या भिंतीच्या किंवा दाट शेवरीच्या आडोशाला असते म्हणून वाचते, आणि जिची बाग गेली त्या बाईला दारावर येणारे सांगतात, "नशिबना भोग शेतस." कारण तर समोर दिसतंय ना, वारा कुठून आला, आडोसा कुठे होता, झाडांना टेकू होते का, मग तिच्या मागच्या जन्माचा हिशोब आपण कुठल्या माहितीवर मांडतो?