इम्प्लिसिट ग्रिडवर नुसता max मारला की अमेरिकन पुट होतो का?

ओंकार_के

लोक फायनाइट डिफरन्सचा उगाच बाऊ करतात. शेअरच्या किमतींची एक रांग घ्यायची, एक्सपायरीला पेऑफ भरायचा आणि एकेक टाइम-स्टेप मागे येत आजपर्यंत पोचायचं. अमेरिकन पुटमधली अर्ली एक्सरसाइज, म्हणजे मुदतीआधीच ऑप्शन वापरण्याची मुभा, ही तर प्रत्येक स्टेपनंतर पेऑफशी एक `max`. पद्धत एक्सप्लिसिट असो की इम्प्लिसिट, ओळ तीच. यावर एवढे पेपर कशाला लिहिलेत, कुणी सांगेल का?

विभावरी

सांगते, कारण हीच समजूत मी इतक्या जणांच्या कोडमध्ये पाहिली आहे की आता गप्प बसवत नाही.

एक्सप्लिसिटमध्ये तुमचं बरोबर आहे. एका नोडची आजची किंमत उद्याच्या तीन नोड्सवरून येते: खालचा, तोच आणि वरचा. त्या तिघांचा निकाल आधीच लागलेला असतो, त्यांच्यावर `max` मारूनही झालेला असतो. म्हणून "धरून ठेवलं तर किती" हा आकडा खरा असतो आणि त्याची पेऑफशी तुलनाही खरी ठरते.

इम्प्लिसिटमध्ये आजचे सगळे नोड एकमेकांवर अवलंबून असतात, म्हणून समीकरणांची अख्खी पट्टी एकदम सोडवतो. ती लिहिताना आपण प्रत्येक नोडला "हा ऑप्शन धरून ठेवलाय" असं गृहीत धरलेलं असतं. १०० स्ट्राइकचा पुट आणि शेअर ६० वर, तिथे कोण धरून ठेवेल? पण समीकरणाला ते माहीत नाही. ते त्या नोडला पेऑफपेक्षा कमी किंमत देतं आणि ती कमी किंमत शेजाऱ्यांच्या हिशेबात जाते. नंतर तुम्ही `max` मारून ६० चा नोड वर उचलता, पण वापरून टाकणं आणि धरून ठेवणं यांच्या सीमेलगतचा शेजारी खोट्या आकड्यावर काढून झालेला असतो. त्याला कुणी परत विचारत नाही.

आकड्यांत बघा. स्ट्राइक १००, शेअर १००, मुदत एक वर्ष, व्याज ५ टक्के, व्होलॅटिलिटी २० टक्के, डिव्हिडंड नाही. फक्त एक्सपायरीलाच वापरता येणारा युरोपियन पुट ५.५७, अमेरिकन ६.०९. लवकर वापरण्याच्या हक्काची किंमत जेमतेम ०.५२. तुमची चूक नेमकी या ०.५२ मधून कापली जाते. तुम्ही काढता ती खरं तर फक्त ग्रिडच्या तारखांनाच वापरता येणाऱ्या, म्हणजे बर्म्युडन पुटची किंमत.

ओंकार_के

बर्म्युडन तर बर्म्युडन. टाइम-स्टेप वाढवल्या की ती अमेरिकनकडेच जाणार ना? आणि एवढंच असेल तर एक्सप्लिसिटच वापरतो, सगळी अडचण मिटली:

```python
for n in range(M):
    V[1:-1] = a*V[:-2] + b*V[1:-1] + c*V[2:]
    V = np.maximum(V, payoff)
```

विभावरी

जाणार, पण हळू. चूक टाइम-स्टेपच्या प्रमाणातच कमी होते. स्टेप दुप्पट केल्या तर चूक निम्मी.

एक्सप्लिसिटची किंमत वेगळीकडे मोजावी लागते. तुमचा `b` म्हणजे `1 - dt*(sigma**2 * j**2 + r)`. शेअर ० ते २००, अंतर १, म्हणजे शेवटचा `j` जवळजवळ २००. वर्षाच्या १०० स्टेप घेतल्या तर तिथे `b` उणे १५ च्या आसपास येतो. स्वतःच्याच उद्याच्या किमतीला उणे १५ चं वजन! काही स्टेपमध्ये आकडे इतके फुगतात की उत्तर निरर्थक होतं. ते टाळायला इथे किमान १६०० स्टेप हव्यात. अंतर अर्धं केलं तर ६४००. नोड दुप्पट, स्टेप चौपट, काम आठपट. एका पुटला चालेल, हजारो पोझिशन्सच्या पुस्तकाला नाही.

रोखठोक

मला हा वादच कळत नाही. मी ऑप्शन एक्सपायरीपर्यंत कधीच ठेवत नाही, भाव चांगला मिळाला की विकून मोकळा होतो. मग माझ्यासाठी सगळेच ऑप्शन अमेरिकन झाले की!

विभावरी

नाही झाले. तुम्ही विकता तेव्हा ऑप्शन जिवंत राहतो, फक्त मालक बदलतो. एक्सरसाइज म्हणजे तो वापरून संपवणं. शेअर जवळजवळ शून्यावर आला असं समजा. वरच्या उदाहरणातला युरोपियन पुट तुम्हाला आज ९५.१२ ला विकता येईल, कारण १०० हातात पडायला वर्ष आहे. अमेरिकन असेल तर आत्ताच १०० मिळतात. बाजारात गिऱ्हाईक असणं आणि करारात हक्क असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

अभिजित_द

मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. इम्प्लिसिट ग्रिड म्हणजे बायनोमिअल ट्रीचीच सुधारलेली आवृत्ती. त्यात एक्सप्लिसिट आणि इम्प्लिसिट यांची सरासरी घेणारं क्रँक-निकल्सन घ्या, टाइममध्येही दुसऱ्या ऑर्डरची अचूकता मिळते, म्हणजे स्टेप दुप्पट केल्या की चूक चौथाई, आणि स्थिरतेची कटकट नाही. १९४७ पासून सिद्ध झालेली पद्धत आहे. तिच्यापुढे साधं इम्प्लिसिट वापरणं म्हणजे आळस.

निरंजन

आळस? मग ऐकाच. मी ज्या डेस्कसाठी कोड लिहायचो तिथे असंच कुणीतरी ठामपणे सांगून क्रँक-निकल्सन लावलं होतं. किमती अगदी सुरेख जुळायच्या, म्हणून टेस्ट हिरव्या. पण एक्सपायरी जवळ आलेल्या पुट्सचा गॅमा, म्हणजे शेअरसोबत किमतीचा उतार किती बदलतो तो आकडा, स्ट्राइकच्या आसपास करवतीच्या दात्यांसारखा वरखाली व्हायचा. एका नोडवर मोठा, शेजारी उणे. साध्या पुटचा गॅमा उणे कसा असेल? ट्रेडर त्यावरून हेज करत होते आणि दोष माझ्या डेटावर ढकलला जात होता. "दुसऱ्या ऑर्डरची अचूकता" हे शब्द ऐकले की अजून डोकं तापतं.

अभिजित_द

तुमच्या टीमने ग्रिड नीट मांडला नसेल. स्ट्राइक नोडवर होता का? पद्धतीला शिव्या देण्याआधी आपलं काम तपासावं.

निरंजन

स्ट्राइक बरोबर नोडवर होता. स्वतः न बघता दुसऱ्याच्या कामावर बोलायची घाई का? कारण पद्धतीतच आहे. एक्सपायरीचा पेऑफ स्ट्राइकला मोडलेला असतो आणि त्या कोपऱ्यात एका नोडवर वर, दुसऱ्यावर खाली अशी थरथर दडलेली असते. साधं इम्प्लिसिट ती पहिल्या काही स्टेपमध्येच मारून टाकतं. क्रँक-निकल्सन प्रत्येक स्टेपला तिला जवळजवळ उणे एकने गुणतं. म्हणजे थरथर मरत नाही, फक्त चिन्ह बदलत पुढे जाते. स्फोट होत नाही म्हणून पद्धत स्थिर म्हणवते, पण घाण तिथेच राहते. किमतीत ती दिसत नाही. दोनदा फरक घेऊन गॅमा काढला की बाहेर येते.

विभावरी

निरंजन यांचं निदान बरोबर आहे, पण त्यासाठी पद्धत फेकायची गरज नाही. रानाखर यांनी १९८४ मध्ये दाखवलेला उपाय साधा आहे: एक्सपायरीजवळच्या पहिल्या दोनचार स्टेप पूर्ण इम्प्लिसिट घ्या, पुढे क्रँक-निकल्सन. कोपरा गुळगुळीत होतो आणि ऑर्डरही टिकते.

आणि अभिजित, ट्रीबद्दलचं तुमचं वाक्य निम्मं खरं आहे. ट्री हा एक्सप्लिसिट ग्रिडचा प्रकार; ब्रेनन आणि श्वार्ट्झ यांनी १९७८ मध्ये हे नातं मांडलं. इम्प्लिसिटला ते तसंच लावता येत नाही. ट्रीमध्ये एका नोडला ठरावीक शेजारीच दिसतात, इम्प्लिसिटमध्ये एका स्टेपला अख्खी रांग दिसते. म्हणूनच तर `max` चा घोळ होतो.

अभिजित_द

ठीक आहे, सुरुवातीच्या स्टेप इम्प्लिसिट घ्याव्यात हे मान्य. पण त्यानंतर दुसरी ऑर्डर मिळतेच, हे तुम्हीही मान्य करा.

विभावरी

युरोपियनला हो. अमेरिकनला तेवढं ठामपणे म्हणणार नाही. तिथे सीमेवर गॅमा एकदम उडी मारतो आणि ती सीमा प्रत्येक स्टेपला सरकते. कोपरा एकदाच गुळगुळीत करून भागत नाही. समान लांबीच्या स्टेप घेतल्या तर अचूकता घसरते. फोर्सिथ आणि वेट्झल यांनी २००२ मध्ये एक्सपायरीजवळ बारीक आणि पुढे मोठ्या होत जाणाऱ्या स्टेप घेऊन ती परत मिळवली.

निरंजन

म्हणजे अमेरिकन पुटला साधं इम्प्लिसिट पुरे, हे माझंच म्हणणं झालं.

विभावरी

तेही नाही. साध्या इम्प्लिसिटची टाइममधली चूक कुठे जाते?

ओंकार_के

तुमचं गॅमाचं भांडण संपलं असेल तर माझ्या प्रश्नाकडे या. इम्प्लिसिटमध्ये `max` चुकीच्या जागी आहे, पटलं. योग्य जागा कोणती? फेऱ्या मारत उत्तर सुधारत नेणारी PSOR सांगू नका, त्यात प्रत्येक स्टेपला किती फेऱ्या लागतील याचा भरवसा नसतो.

विभावरी

साध्या पुटला एकही फेरी लागत नाही. ब्रेनन-श्वार्ट्झ यांची १९७७ ची युक्ती पाहा. पुटमध्ये वापरून टाकायचा भाग सलग आणि रांगेच्या खालच्या टोकाला असतो. म्हणून आधी वरच्या किमतींकडून खाली येत प्रत्येक समीकरणातला वरचा शेजारी काढून टाका. मग प्रत्येक नोड फक्त खालच्यावर अवलंबून उरतो. आता तळापासून वर चढत किंमत काढा आणि काढता काढताच `max` मारा:

```python
for j in range(N-2, 0, -1):
    w = up[j] / d[j+1]
    d[j] -= w * lo[j+1]
    q[j] -= w * q[j+1]
V[0] = K
for j in range(1, N):
    V[j] = max((q[j] - lo[j]*V[j-1]) / d[j], payoff[j])
```

फरक इतकाच की वरचा नोड काढताना खालच्याची `max` झालेली किंमतच वापरली जाते. खोटा आकडा कुणाकडे जातच नाही. `d` आणि `q` दर टाइम-स्टेपला नव्याने भरा, नाहीतर दुसऱ्याच स्टेपला जुने बदल अंगावर येतील.

बरोबर चाललंय का ते सीमेवरून ओळखा. प्रत्येक स्टेपला जिथपर्यंत `V` आणि पेऑफ सारखे आहेत तो सर्वांत वरचा नोड छापा. आपल्या उदाहरणात एक्सपायरीकडे जाताना तो १०० कडे चढत गेला पाहिजे आणि ७१.४३ च्या खाली कधीच जाता कामा नये, कारण मुदतच नसलेल्या पुटची सीमा तिथे असते. सीमेच्या खाली डेल्टा, म्हणजे किमतीचा उतार, उणे १, गॅमा शून्य, आणि सीमा ओलांडताना डेल्टाने उडी मारायची नाही.

ओंकार_के

चालवून पाहिलं. १०० स्टेपमध्ये जुना कोड खरंच ६.०९ च्या खाली राहत होता आणि नव्याचा आकडा जुन्यापेक्षा वर आला. पेपर कशाला लागतात हे विचारणं जरा जास्तच झालं, एवढं मानतो. पण पन्नास स्टेपच्या वर हा फरक ट्रेडरला जाणवेल, हे अजून पटलेलं नाही.

निरंजन

ज्याचं पुस्तक मोठं आहे त्याला जाणवेल.

रोखठोक

माझ्याकडे एकाच स्ट्राइकचे कॉल आणि पुट दोन्ही असतात. समजा कुणी ते एकत्र अमेरिकन करार म्हणून विकले, तर तळापासून चढायचं की वरून उतरायचं?

विभावरी

हा प्रश्न खरा आहे. त्यात डिव्हिडंडही असेल तर वापरून टाकायचा भाग दोन्ही टोकांना येऊ शकतो आणि कुठूनही सुरुवात केली तरी एक टोक चुकतं. तिथे वरची युक्ती मोडते. PSOR घ्या किंवा पेऑफखाली गेलेल्या नोडला समीकरणातच दंड लावणारी पेनल्टी पद्धत. मी पेनल्टी घेईन.

अभिजित_द

मी PSOR. पेनल्टीचा आकडा किती ठेवायचा, यावर वेगळा वाद घालायची माझी तयारी आहे.