अनुभव धागा: पॅकेज घ्यावं की एकेक बुकिंग स्वतः करावं? हिशेब मांडून बघू या

लोकमान्यनगरची सून

मंडळी, जानेवारीत केरळला जायचं घाटतंय. मी, हे, सासू-सासरे, म्हणजे मोठी माणसं चार आणि खोल्या दोन. इंदूरच्या एका एजंटने माणशी २१,५०० सांगितले. कोची ते कोची, ५ रात्री, विमान आपलं आपण. चौघांचे ८६,००० आणि वर ५ टक्के जीएसटी ४,३००, म्हणजे ९०,३००.

मग मी वही घेऊन बसले. पॅकेजच्या कागदावर जे जे लिहिलंय ते एकेक ओळीत उतरवलं आणि समोर स्वतः घेतलं तर काय पडेल ते लिहिलं. मुन्नारला दोन रात्री दोन खोल्या, ३,८०० प्रमाणे १५,२००. थेक्कडीची एक रात्र ७,२००. अलेप्पीला दोन बेडरूमची हाउसबोट, जेवणासकट १६,०००. कोचीची शेवटची रात्र ६,४००. नाश्ता सगळीकडे धरलेला आहे. बोट सोडून चार रात्रींचं जेवण माणशी ५०० धरून ८,०००. इनोव्हा सहा दिवस, रोजचे ४,०००, ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग धरून २४,०००. बेरीज ७६,८००.

साडेतेरा हजारांचा फरक! हे म्हणतात, एवढं कुठे असतं, तुझं काहीतरी सुटलंय. काय सुटलंय ते सांगा. तुमचेही हिशेब इथे टाका.

सराफ्याचा भुट्टा

ताई, सरळ आहे. एजंटला हॉटेलं स्वस्तात मिळतात, पण तो वर जीएसटी लावतो. आपण स्वतः बुक केलं की तो टॅक्स वाचतो. फरक तिथेच आहे.

काउंटरवरचे काका

रिटायर होईपर्यंत बरीच वर्षं तिकीट-टूरच्या काउंटरवर बसलोय, म्हणून बोलतो.

भुट्टेभाऊ, अर्धं बरोबर. एजंटला दर कमी मिळतो हे खरं, पण ऑफ-सीझनला जास्त. ऐन जानेवारीत मुन्नारचं हॉटेल कुणालाच फारसं सोडत नाही. टॅक्स मात्र वाचत नाही. स्वतः खोली घेतली तरी हॉटेल आपला जीएसटी लावतंच. वेबसाइटवर पहिल्यांदा जो आकडा दिसतो त्यात तो कित्येकदा नसतो, पैसे भरायच्या पानावर येतो. ताई, तुमचे ३,८०० कुठल्या पानावरचे आहेत ते आधी बघा.

आता यादीबद्दल. पद्धत बरोबर आहे, पण ओळीला ओळ जुळली पाहिजे. पॅकेजमध्ये मुन्नारची खोली कुठली लिहिली आहे? 'व्हॅली व्ह्यू' असेल आणि तुम्ही त्याच हॉटेलची सगळ्यात स्वस्त, पैसे परत न मिळणारी खोली धरली असेल, तर तुलना तिथेच लंगडी. उलट गाडीच्या ओळीत तुम्ही स्वतःच्या बाजूला जास्त धरलंय असं वाटतं. कागदावर नुसतं 'एसी कार' असेल तर ती बहुतेक डिझायरच्या जातीची येते. चार मोठी माणसं, चार बॅगा, आणि कोची-मुन्नार चार तासांहून जास्त प्रवास, त्यात घाट. सासूबाईंना विचारून घ्या.

हाउसबोटीच्या ओळीत तर फार घोळ होतात. अख्खी बोट तुमची की दुसऱ्या कुटुंबाबरोबर? एसी दिवसभर की फक्त रात्री नऊ ते सकाळी सहा? साध्या डिलक्स बोटीत बहुधा रात्रीचाच असतो. बोट दुपारी बाराला मिळते, संध्याकाळी सहाच्या सुमाराला काठाला लागते आणि सकाळी नऊला खाली करायची. म्हणजे फिरणं साडेपाच-सहा तासांचंच. हे दोन्हीकडे सारखंच आहे, तेव्हा फरकात येत नाही. पण दिवसा एसी हवा असेल तर दर बराच चढतो, तो तुमच्या १६,००० मध्ये आहे का?

आणि जे दोन्हीकडे नाही ते तुलनेत आणू नका. दुपारचं जेवण, इरविकुलम उद्यानाचं तिकीट, पेरियारची बोट, हत्ती, मसाज, हे दोन्ही बाजूंना खिशातूनच. बजेटमध्ये धरा, फरकात नको.

सुदामानगरची मावशी

आम्ही तर मराठी टूर कंपनीबरोबरच जातो बाई. सकाळी पोहे, रात्री वरण-भात, बरोबर मॅनेजर. ह्या ओळीची किंमत वहीत कुठे लिहिणार? यंदा मात्र नातवाने एक गोष्ट दाखवली. ती टूर मुंबईहून मुंबई होती. आम्हाला इंदूरहून अवंतिकाने मुंबई, तिथे थांबणं, मग विमान, आणि परतताना पुन्हा तेच. आम्ही विचारलं, आम्ही परस्पर कोचीला आलो तर? त्यांनी विमानाचे पैसे वजा करून दर सांगितला, पण वजा केलेली रक्कम आम्हाला इंदूर-कोची तिकिटाला पडणार होती त्याच्या निम्मीच. तरी आम्ही कोचीलाच गेलो, गुडघे माझे आहेत ना.

तिघांचं घर

माझा प्रश्न जरा वेगळा. आम्ही दोघं आणि चौदा वर्षांचा मुलगा. 'प्रति व्यक्ती' बघून मी तिनाने गुणलं, तर एजंट म्हणाला तो दर दोघांत एक खोली धरून आहे, मुलाला जादा गादीचा वेगळा दर. तो दर आमच्या दराच्या पाऊण पट निघाला. पण मुलगा खरं म्हणजे काय काय वापरणार? गादी आणि जेवण. गाडी तर तीच. स्वतः बुक करताना तिन्ही हॉटेलांनी मिळून जादा गादीचे जे सांगितले ते याच्या निम्मेही नव्हते. चौघांच्या कुटुंबाला पॅकेज परवडतं, तिघांना नाही, असं माझं मत.

काउंटरवरचे काका

मत घाईचं आहे, पण गादीच्या ओळीत घासाघीस होते हे खरं. विचारा, 'गाडीचे पैसे मुलाच्या दरात पुन्हा का?' बहुतेक वेळा उतरतात.

मांडूप्रेमी

कुणी मांडू-महेश्वर-ओंकारेश्वरचं पॅकेज घेतलंय का? पाहुणे येणार आहेत.

सराफ्याचा भुट्टा

भिया, त्याला पॅकेज कशाला, सकाळी गाडी काढायची!

लोकमान्यनगरची सून

काका, एजंटकडे जाऊन आले. आधी हॉटेलांच्या नावापुढे 'अथवा तत्सम' होतं. नाव आणि खोलीचा प्रकार लिहून मागितला. मुन्नारला व्हॅली व्ह्यूच निघाली. तिचा दर टॅक्ससकट ४,६००, म्हणजे माझ्या बाजूला ३,२०० वाढले. गाडी तुम्ही म्हणालात तशी डिझायर, ती बाहेर ३,२०० रोजाने मिळते, म्हणून ४,८०० कमी झाले. कोचीत रात्रीचं जेवण नाहीच असं कळलं, २,००० अजून गेले. हाउसबोट अख्खी आमची, एसी रात्रीचाच, तो आकडा तसाच राहिला. आता माझी बेरीज ७३,२००. फरक उलटा वाढून १७,१०० झाला!

हा कागद त्यांच्यासमोर ठेवला. थोडं तोंड वाकडं केलं, पण माणशी १९,५०० वर आले. टॅक्ससकट ८१,९००. राहिला फरक ८,७००.

काउंटरवरचे काका

हे ८,७०० त्याची मेहनत आणि एका फोनवर सगळं सांभाळणारा माणूस, याचे आहेत. घाटात गाडी बिघडली, विमान उशिरा आलं, तर बदली कोण देणार हे लेखी घ्या. आणि रद्द केलं तर किती दिवस आधी किती कापणार, तेही. तुमच्या हॉटेलांत ऐनवेळी रद्द करायची सोय असेल तर तीही एक ओळच आहे.

तिघांचं घर

माझ्या मते ड्रायव्हर चांगला मिळाला की तो फोन लागतच नाही. ८,७०० बरेच झाले.

सुदामानगरची मावशी

सासू-सासरे बरोबर आहेत ग. मी असते तर दिले असते.

लोकमान्यनगरची सून

ह्यांचं मत मावशींसारखं, माझं तिघांच्या घरासारखं. रद्द करण्याच्या अटी मागवल्यात, त्या आल्या की ठरेल. काका, अजून एक. मैत्रीण फेब्रुवारीत जातेय, तिच्या कागदावर मुन्नारच्या दिवसात इरविकुलम आहे.

काउंटरवरचे काका

नीलगिरी ताहर या रानबकऱ्यांच्या विणीसाठी ते उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद असतं. त्या दिवशी त्याऐवजी काय दाखवणार, ते तिला आत्ताच विचारू द्या.