बाळ रात्री सलग झोपू लागले आणि दूध कमी झाल्यासारखे वाटते : मदत हवी आहे

पहाटवारा
नमस्कार. माझी मुलगी बारा आठवड्यांची असून फक्त अंगावर पिते. दहाव्या आठवड्याच्या लसीनंतर ती रात्री साडेनऊ ते पहाटे साडेपाच अशी सलग झोपू लागली आहे, त्यामुळे पूर्वी दिवसरात्रीत दहा वेळा पिणारी मुलगी आता सातच वेळा पिते. पहाटे तीनच्या सुमारास माझी छाती दगडासारखी होते, उजवीकडे काखेजवळ गाठ लागते आणि झबल्यांच्या घड्या आत ठेवूनही गाऊन भिजतो. संध्याकाळी मात्र छाती इतकी सैल वाटते की ती ओढते, सोडते आणि रडते. काल संध्याकाळी पंप लावला तर वीस मिनिटांत जेमतेम ३० मिली दूध निघाले. झोपलेल्या बाळाला उठवू नये असे सासूबाई म्हणतात, तर रात्रीचे पाजणे सुटले की दूध आटते असे आई म्हणते. मी काय करावे?

मोगरा
तुमच्या आईचे बरोबर आहे. जितके दूध निघते तितकेच नवे तयार होते. रात्री दर तीन तासांनी गजर लावून पंपाने दोन्ही बाजू पूर्ण रिकाम्या करा आणि सकाळी अळिवाची खीर घ्या.

कोकणकन्या
आमचा मुलगा नऊ महिन्यांचा आहे आणि रात्री पाच वेळा उठतो. रात्री नाचणीसत्त्व दिल्यापासून थोडा फरक पडला आहे, आपणही देऊन पाहावे.

दूधसाय
कोकणकन्या, ताईंची मुलगी झोपत नाही अशी तक्रार नाही, आणि बारा आठवड्यांच्या बाळाला दुधाशिवाय काहीही द्यायचे नसते.

पहाटवारा ताई, मी प्रसूती विभागात स्तनपानाविषयी मार्गदर्शन करते. मोगरा यांचे तत्त्व खरे आहे, उपाय मात्र उलटा पडेल. दूध छातीत साचून राहिले की तिथले दूध तयार होण्याचा वेग मंदावतो, म्हणून रोजची आठ तासांची तटून राहिलेली छाती दूध हळूहळू कमी करू शकते. पण बाळ झोपलेले असताना दर तीन तासांनी पूर्ण रिकामे करत राहिलात, तर शरीर एक जास्तीचे बाळ धरून चालेल आणि गाठी वाढतील. तीन वाजता तटल्यासारखे वाटले तर हाताने तीन-चार मिनिटे, ताण सैल होईल एवढेच दूध काढा.

खरा उपाय दिवसाकडे आहे. मोजायचे ते चोवीस तासांतले पाजणे. तुमची तीन पाजणी गेली आहेत, त्यांतली निदान दोन परत आणा. एक तुम्ही झोपण्यापूर्वी अकराच्या सुमारास, दिवा न लावता, तिला अर्धवट झोपेत उचलून. दुसरे संध्याकाळी, दर दीड-दोन तासांनी, ती रडायची वाट न पाहता. संध्याकाळची सैल छाती रिकामी नसते, तेव्हा दूध हळू येते इतकेच, आणि पंपातले ३० मिली हा त्याचा पुरावा नव्हे, कारण पंपापेक्षा बाळ अधिक चांगले ओढते. शिवाय दोन-तीन महिन्यांनी छाती एरवीही मऊ पडते.

आता मला दोन गोष्टी सांगा : लंगोट किती ओले होतात आणि वजन किती आहे? गर्भनिरोधक गोळी सुरू केली असल्यास तेही सांगा, कारण काही गोळ्यांनी दूध कमी होते.

पहाटवारा
गोळी नाही. ओले लंगोट सहा-सात. जन्मवजन २.९ किलो, सहाव्या आठवड्याला ४.१ आणि दहाव्याला ४.९. परवा औषधाच्या दुकानातल्या काट्यावर कपड्यांसह ५.० भरले.

दूधसाय
दहाव्या आठवड्यापर्यंत आठवड्याला सुमारे २०० ग्रॅम वाढ झाली, ती उत्तम आहे. नंतरच्या दोन आठवड्यांत मात्र १०० ग्रॅमच दिसते, आणि कपडे वजा केले तर त्याहूनही कमी. काटा वेगळा असल्याने मी घाबरवणार नाही, पण 'झोपू द्या' असेही म्हणणार नाही. बालरोगतज्ज्ञांकडे पूर्वीच्याच काट्यावर, उघडे वजन करून घ्या आणि तोवर रात्री एकदा उठवून पाजा. लंगोट कमी ओले झाले किंवा ती मलूल वाटली, तर त्याच दिवशी दाखवा. गाठीवर लाली येऊन ताप आला, तर पाजणे न थांबवता तुम्ही स्वतः डॉक्टरांकडे जा.

मोगरा
मला पंपानेच फायदा झाला होता, पण मी तेव्हा कामावर जात होते, हे लिहायचे राहिले.

पहाटवारा
आठ दिवसांनी लिहीत आहे. त्याच काट्यावर पहिल्या दिवशी ५.०५ आणि आज ५.२२ किलो भरले. रात्री अकराला ती डोळे मिटूनच पिते, तीन वाजता मात्र तोंड घट्ट मिटते; मी लंगोट बदलून तळपाय चोळते, तेव्हा कुठे एका बाजूला पाच मिनिटे पिते. काखेजवळची गाठ गेली. डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा वजनाला बोलावले आहे. तीनचे पाजणे तेव्हा सोडता येईल का, हे त्यांनी अजून सांगितलेले नाही.