मदत हवी आहे : तेल उतरले, तरी डिसेंबरच्या विमानाचे भाडे का वाढले?

गंगापूररोड_नाशिक
डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातील मुंबई आणि फ्रँकफर्ट दरम्यानचे जाण्यायेण्याचे तिकीट घ्यायचे आहे. मी दोन महिन्यांपासून कच्च्या तेलाचे भाव आणि डॉलरचा दर रोज वहीत उतरवून ठेवत आहे. गेल्या पंधरवड्यात तेल उतरले, डॉलरही फारसा हलला नाही, तरीही भाडे वाढलेच. या दोन आकड्यांवरून पुढच्या दोन महिन्यांत भाडे किती वरखाली होईल, हे काढण्याची रीत कोणी सांगू शकेल का? थांबावे की आज घ्यावे, हे मला या आठवड्यात ठरवायचे आहे, म्हणून कृपया लवकर उत्तर द्यावे.

अनिकेत_सातपूर
ताई, थांबावे असे माझे मत आहे. विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जातो, त्यामुळे तेल दहा टक्के उतरले तर भाडे तीन-चार टक्के उतरलेच पाहिजे. मात्र विमानाच्या इंधनाचे भाव आपल्याकडे दर महिन्याच्या १ तारखेला बदलतात, म्हणून हा परिणाम महिनाभर उशिरा दिसतो.

ओझरकर
महाराष्ट्र सरकारने २०२३-२४च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगड येथील विमान इंधनावरचा व्हॅट २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला होता. तुम्ही ओझरहून दिल्लीला आणि तेथून पुढे जाण्याचा विचार करावा. नाशिककरांनी ओझरचा विमानतळ वापरला नाही, तर तेथील उड्डाणे वाढणार तरी कशी?

इंधनखाते_निवृत्त
मी एका विमान कंपनीच्या इंधन हिशेबात बरीच वर्षे काढली आहेत. ओझरकर, व्हॅटची ही सवलत देशांतर्गत उड्डाणांच्या कामाची आहे. परदेशी जाणाऱ्या विमानांसाठी तेल कंपन्या वेगळा दर लावतात आणि तो डॉलरमध्ये असतो. शिवाय फ्रँकफर्टहून निघणारे विमान फ्रँकफर्टलाच इंधन भरते.

ताई, तीन गोष्टी कळल्याशिवाय हिशेब होणार नाही. प्रवास कोठून सुरू होतो? भाडे कोणत्या चलनात दिसते? आणि "वाढले" म्हणजे किती?

गंगापूररोड_नाशिक
हे लिहायचे राहून गेले, क्षमस्व. माझी मुलगी जर्मनीत शिकते. ती डिसेंबरमध्ये घरी येऊन जानेवारीत परत जाणार आहे, म्हणजे प्रवास फ्रँकफर्टहून सुरू होतो. भाडे युरोत दिसते. दोन आठवड्यांपूर्वी ते ६५५ युरो होते, आज ७२० आहे. पैसे मी येथून माझ्या कार्डावर भरणार आहे.

इंधनखाते_निवृत्त
मग आपण डॉलरचा दर उगाच लिहीत होतात. तुम्ही युरो विकत घेणार आहात, त्यामुळे युरोचाच दर पाहायला हवा. या दोन चलनांची चाल एकसारखी नसते. २०२५ साली डॉलर साधारण ८६ रुपयांवरून ९० पर्यंत गेला, पण युरो ८९ च्या आसपासहून वर्षअखेरीस शंभरीच्या बराच वर पोहोचला. डॉलरकडे बघणाऱ्याला त्या वर्षी वाटले असते की रुपया थोडासाच घसरला आहे.

आता इंधन. फ्रँकफर्ट ते मुंबई हे उड्डाण सुमारे आठ तासांचे आहे आणि आजचे मोठे विमान तासाला साधारण साडेपाच टन इंधन जाळते, म्हणजे एका फेरीला ४४ टन झाले. अडीचशे प्रवासी धरले, तर माणशी १७५ किलोच्या आसपास, म्हणजे सुमारे २२० लिटर इंधन लागते. जाऊन-येऊन ४४० लिटर होते, आणि एका पिंपात १५९ लिटर असल्याने ते पावणेतीन पिंपांच्या जवळ जाते. म्हणजे विमान इंधन पिंपामागे १० डॉलरने महागले आणि कंपनीने तो सगळा भार प्रवाशावर टाकला, तर तुमचे तिकीट २८ डॉलरने, म्हणजे आजच्या भावाने सुमारे २४ युरोने वाढेल. विमानात मालही असतो, त्यामुळे खरा आकडा थोडा कमीच निघेल.

आता हा हिशेब उलटा लावून पाहा. केवळ इंधनामुळे भाडे ६५ युरोने वाढायचे असेल, तर पिंप २७ डॉलरने महागायला हवे होते, आणि तुमच्या वहीत तर ते उतरलेले आहे.

अनिकेत_सातपूर
मग माझे टक्केवारीचे गणित चुकले कोठे?

इंधनखाते_निवृत्त
गणित बरोबर होते, ते लावण्याची जागा चुकली. एक तर कच्चे तेल आणि विमान इंधन यांच्या भावांतले अंतर स्वतंत्रपणे हलते. २०२२ साली ते इतके वाढले होते की कच्च्या तेलावरून इंधनाचा अंदाज बांधणारे फसले. दुसरे म्हणजे युरोपातल्या अनेक मोठ्या कंपन्या पुढच्या कित्येक महिन्यांच्या इंधनाचा मोठा भाग आधीच भाव बांधून घेतात, त्यामुळे आजची उतरण त्यांच्या खर्चात उशिरा आणि अर्धवट पोहोचते. आणि डिसेंबरची विमाने भरत असताना खर्च कमी झाला म्हणून भाडे उतरवण्याची कंपनीला काही गरजच नसते.

ताई, मुलीकडे जुन्या भाड्याचे स्क्रीनवरचे चित्र असेल, तर त्यातला भाड्याचा तपशील आजच्याशी जुळवून पाहावा. `YQ` किंवा `YR` पुढचा आकडा हा कंपनीचा अधिभार असतो. तो वाढला असेल, तर कंपनीने आपली आकारणी वाढवली आहे. तो तसाच असून मूळ भाडे एकदम उडी मारून वाढले असेल आणि भाड्याच्या संकेताचे पहिले अक्षर बदलले असेल, तर स्वस्त गटातील जागा संपल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ होतो.

गंगापूररोड_नाशिक
मुलीने दोन्ही चित्रे पाठवली. `YQ` चा आकडा तोच आहे, मूळ भाडे वाढले आहे आणि पहिले अक्षर बदललेले आहे.

द्राक्षबाग_पिंपळगाव
आम्ही युरोपात द्राक्षे पाठवतो आणि युरोचा दर बँकेकडे आधीच बांधून घेतो. ताईंनीही तसेच करावे.

इंधनखाते_निवृत्त
दादा, सातशे युरोंसाठी कोणती बँक दर बांधून देईल? त्यापेक्षा कार्डाकडे लक्ष द्यावे. परकीय चलनातील खरेदीवर पुष्कळ कार्डे साडेतीन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावतात, म्हणजे एकूण ४.१३ टक्के होतात. ७२० युरोंवर ते जवळजवळ ३० युरो झाले. इंधन दहा डॉलरने महागण्याच्या भीतीपेक्षा हा खर्च मोठा आहे, आणि तो टाळणे आपल्या हातात आहे.

गंगापूररोड_नाशिक
मुलीच्या ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी तिचा खर्च आधीच भरून ठेवलेल्या खात्यातून, दरमहा पैसे सुटतात, तिने थोडे शिल्लकही ठेवले आहेत. आम्ही ते भरले तेव्हा युरो बराच स्वस्त होता. तिनेच तिकीट घेतले तर ते जुन्या दराने पडले असे समजायचे का?

द्राक्षबाग_पिंपळगाव
अर्थातच. ज्या भावाने माल घेतला, तोच त्याचा खर्च असतो.

इंधनखाते_निवृत्त
मला हे पटत नाही. ते युरो खर्च झाल्यावर पुढे तिला पैसे कमी पडले, तर तुम्हाला ते आजच्या भावानेच भरून द्यावे लागतील. कार्डाचे टक्के मात्र नक्की वाचतील.

द्राक्षबाग_पिंपळगाव
बागेत ठेवलेल्या खताचा हिशेब आम्ही उद्याच्या भावाने करत नाही. पुढचे पाठवताना युरो उतरलेलाही असू शकतो.

अनिकेत_सातपूर
आज घेतले आणि नंतर इंधन महागून अधिभार वाढला, तर तिकिटावर फरक मागतात का?

इंधनखाते_निवृत्त
नाही. अधिभार तिकीट काढण्याच्या दिवसाचा लागतो, प्रवासाच्या दिवसाचा नाही. मात्र तारीख बदलून घेतली, तर नवा हिशेब होतो, म्हणून मुलीच्या परीक्षेची तारीख पक्की आहे ना, ते आधी विचारावे.

गंगापूररोड_नाशिक
परीक्षेची तारीख शुक्रवारी लागणार आहे. तोपर्यंत आजच्या अक्षराच्या जागाही संपतील का, हीच आता काळजी आहे.