तारीख द्या, ‘लवकरच’ नको

> ‘रबाळ्याच्या पॅकिंगवाल्याचे २,४०,००० अडकलेत, आठवड्यात सगळे मागतोय. “लवकरच पाठवतो” लिहिलं तर आणखी चिडला. काय लिहू?’

वर कुणीतरी ‘पन्नास हजार टाकून गप्प करा’ म्हटलंय, ते मला पटत नाही. अशी गोल रक्कम कोणत्या बिलापोटी गेली यावरून पुढे दोघांची खाती जुळत नाहीत. त्यापेक्षा एक बिल पूर्ण मिटवा. मी असं लिहिलं असतं: ‘साहेब, जूनचं १,१०,००० चं बिल शुक्रवारी पूर्ण एनईएफटी करतो, यूटीआर लगेच पाठवतो. जुलैच्या १,३०,००० पैकी १,१८,००० बद्दल वाद नाही, ते २५ तारखेला. उरलेले १२,००० कमी आलेल्या खोक्यांचे आहेत, त्यांची क्रेडिट नोट पाठवा.’ माफी, मंदी, आमचं पेमेंट अडकलंय, हे सगळं गाळा. त्याला कारण नको, तारीख हवी असते.

मात्र २५ तारीख मनाने ठरवू नका. तो उद्यम नोंदणीतला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवस, नसल्यास १५. पुढे बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आणि खोकी कमी आल्याची हरकत माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवली होती ना? नाहीतर मुदत डिलिव्हरीच्या दिवसापासूनच मोजतात. गोडाऊनवाला फोनवर बोलला होता, हे तिथे चालत नाही.